वहीची शिल्लक आणि बँकेची शिल्लक जुळत नाही: स्क्रीनशॉटवरून दुबार गेलेली रक्कम कशी शोधायची

बाबा सांगलीला असतात, मी पुण्यात. त्यांच्या घरखर्चाच्या खात्याचा हिशेब महिनाअखेरीला मी जुळवते. बाबा रोजचा खर्च वहीत लिहितात आणि एक तारखेला बँकेच्या ॲपमधल्या स्टेटमेंटचे पाच-सहा स्क्रीनशॉट पाठवतात. पीडीएफ काढायची म्हटलं की पासवर्डपाशी अडतात, म्हणून स्क्रीनशॉट. दर दोन-तीन महिन्यांनी एकदा तरी वही आणि बँक यांत फरक येतो आणि बाबांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "अगं, कुठे दोनदा तर नाही ना गेले पैसे?"

कधी खरंच गेलेले असतात. पण त्याहून जास्त वेळा दुबार दिसणारी ओळ दुबार नसते, आणि खरी दुबार ओळ डोळ्यांसमोर असून दिसत नाही. जुलै 2025 मध्ये या दोन्ही गोष्टी एकाच स्टेटमेंटमध्ये आल्या होत्या, म्हणून तोच महिना घेऊन सगळं सांगते.

1 जुलैची आरंभीची शिल्लक दोन्हीकडे 42,318.50 होती. 31 जुलैला वहीत 27,452.50 शिल्लक होती आणि बँकेत 25,664.80. फरक 1,787.70 रुपयांचा. आपण सगळे पहिल्यांदा जे करतो तेच मी केलं, 1,787.70 ही रक्कम स्टेटमेंटमध्ये शोधली. नव्हती. त्याच्या आसपासचीही कुठली नव्हती. असा एका रकमेत न सापडणारा फरक बहुधा दोन-तीन चुकांची बेरीज-वजाबाकी होऊन तयार झालेला असतो. त्या चुका सुट्या केल्याशिवाय दुबार रक्कम हाती लागत नाही.

आधी स्क्रीनशॉट नीट उतरवून घ्या

स्क्रीनशॉटवरून थेट वहीशी ताडून पाहू नका. आधी सगळ्या ओळी शीटमध्ये उतरवा. कंटाळवाणं काम आहे, पण चाळीस ओळींना वीस मिनिटं लागतात आणि पुढचा तास वाचतो. स्क्रीनशॉट व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून आला तर त्याचा दर्जा उतरतो, 3 आणि 8 सारखेच दिसतात, 1 चा 7 होतो. बाबांना मी डॉक्युमेंट म्हणून पाठवायला शिकवलंय. त्यात चित्र जसंच्या तसं येतं.

शीटमध्ये सहा रकाने ठेवा: A मध्ये तारीख, B मध्ये तपशील, C मध्ये संदर्भ क्रमांक, D मध्ये नावे म्हणजे खात्यातून गेलेली रक्कम, E मध्ये जमा आणि F मध्ये शिल्लक. C रकाना आधीच टेक्स्ट करून ठेवा, नाहीतर एक्सेल बारा आकडी क्रमांकाचं 5.19E+11 असं काहीतरी करून दाखवतं आणि क्रमांकाच्या सुरुवातीला शून्य असेल तर ते खाऊन टाकतं.

ॲपमध्ये सगळ्यात नवी ओळ वर असते. हिशेबाला जुनी ओळ वर हवी. त्यासाठी तारखेवर क्रम लावू नका, कारण एकाच दिवसाच्या चार ओळी असतील तर त्यांचा आपापसातला क्रम तारखेवरून कळत नाही आणि पुढची तपासणी कोलमडते. उतरवतानाच शेवटच्या स्क्रीनशॉटच्या तळापासून सुरुवात करा आणि वर वर चढत या.

आता सातवा रकाना. माझ्या मते या सगळ्या कामाचा जीव इथे आहे. शीर्षकाखाली दुसऱ्या ओळीत फक्त आरंभीची शिल्लक लिहा, तिसऱ्या ओळीपासून व्यवहार, आणि G3 मध्ये हे घालून खालपर्यंत ओढा:

```
=ROUND(F2-D3+E3-F3,2)
```

मागची शिल्लक, वजा नावे, अधिक जमा, आणि त्यातून बँकेने दाखवलेली शिल्लक वजा. उतरवलेलं सगळं बरोबर असेल तर प्रत्येक ओळीत शून्य येतं. शून्य नाही आलं तर चूक बँकेची नसते, उतरवून घेण्यात काहीतरी गफलत झालेली असते, आणि कुठली ते त्या आकड्यावरूनच कळतं. एका ओळीत उणे आणि लगेच पुढच्या ओळीत तेवढंच अधिक, किंवा याच्या उलट, आलं तर शिल्लक वाचण्यात चूक आहे. एकाच ओळीत अधिक आकडा आला तर बहुधा त्या रकमेची नावे पडलेली एक ओळ सुटली आहे, दोन स्क्रीनशॉटच्या मधे राहून गेली आहे. आणि एकाच ओळीत तिच्याच रकमेएवढा उणे आकडा आला, तर तीच ओळ तुम्ही दोनदा उतरवली आहे.

दुबार दिसणारी, पण दुबार नसलेली ओळ

जुलैमध्ये मला नेमकं हेच झालं. 21 तारखेची दुधाची 1,240 रुपयांची ओळ तिसऱ्या स्क्रीनशॉटच्या कडेला होती आणि चौथ्याच्याही. बोटाने वर सरकवताना आपण आधीच्या पडद्यावरची ओळ थोडी दिसेल असंच सरकवतो, मधली ओळ सुटू नये म्हणून. त्यामुळे कडेची ओळ दोन्हीकडे येते. मी दोन्ही उतरवल्या. वहीत दूध एकदाच. एका क्षणी वाटलं, सापडलं.

पण दोन्ही ठिकाणी पुढची शिल्लक 29,118.50 होती. तीच, पैशासकट. 1,240 खरंच दोनदा गेले असते तर दुसऱ्या ओळीची शिल्लक 27,878.50 झाली असती. G मध्ये -1240 आलं होतं. एक ओळ काढून टाकली, G3 पुन्हा खालपर्यंत ओढलं आणि शून्य झालं.

काही फोनमध्ये लांब स्क्रीनशॉटची सोय असते, ती अनेक पडदे आपोआप जोडते. सांध्यावर कधी ओळ दोनदा येते, कधी गळते. ते चित्र अखंड दिसतं म्हणून जास्तच फसायला होतं. त्यालाही हाच रकाना लावा.

म्हणून रक्कम दोनदा दिसते म्हणजे पैसे दोनदा गेले, असं धरू नका. शिल्लक दोनदा उतरली का, हे बघा. ॲपमधल्या छोट्या यादीत शिल्लक दिसत नसेल तर ती यादी या कामाची नाही. पूर्ण स्टेटमेंटचा पडदा उघडून त्याचेच स्क्रीनशॉट घ्या.

एकास एक खूण

सगळ्या ओळींत शून्य आलं की स्टेटमेंट विश्वासाचं झालं. आता वही घ्या. वहीतली एक ओळ, स्टेटमेंटमधली एक ओळ, दोन्हींवर खूण. पुढची ओळ. वहीतल्या एका नोंदीच्या बळावर स्टेटमेंटमधल्या दोन ओळींवर खूण करायची नाही, एवढा एकच नियम कडक पाळायचा. दुबार रक्कम निसटते ती याच जागी. डोळा म्हणतो "औषधं, 1,860, हो हो, आहे वहीत", आणि दुसऱ्यांदा तीच ओळ आली तरी पुन्हा तेच म्हणतो. मी पेन्सिलने वहीत खूण करते आणि शीटमध्ये ओळ रंगवते. दोन्ही हातांनी केलं की नजर सैल सुटत नाही.

तारीख अगदी तीच असायला हवी असं नाही. बाबा कधी रात्री वही लिहितात, कधी दुसऱ्या दिवशी. रक्कम तीच आणि एक-दोन दिवसांचा फरक असेल तर मी खूण करते. चेक दिला असेल तर तो वटेपर्यंत स्टेटमेंटमध्ये येणारच नाही. ती वहीतली खूण नसलेली ओळ चूक नव्हे, पुढच्या महिन्यात ती तिकडे दिसायला हवी.

खुणा झाल्यावर जे उरलं ते असं. स्टेटमेंटमध्ये खूण नसलेल्या तीन ओळी होत्या: 12 जुलैला औषध दुकान 1,860, 23 जुलैला किराणा 450 आणि 28 जुलैला बँकेचं शुल्क 17.70. वहीत खूण नसलेली एकच ओळ होती: 23 जुलै, किराणा 540.

आता फरक उलगडला. 17.70 हे एसएमएसचं तिमाही शुल्क, 15 रुपये आणि त्यावर 18 टक्के जीएसटी म्हणजे 2.70. खरं तर फरकातल्या 70 पैशांवरूनच मला हे आधी सुचायला हवं होतं. बाबांच्या वहीत खर्च नेहमी पूर्ण रुपयांत असतो, तेव्हा फरकात पैसे आले की ते बहुतेक वेळा बँकेच्या शुल्काचे किंवा व्याजाचे असतात. ते आधी काढून टाकावेत, म्हणजे उरलेला आकडा बोलायला लागतो.

450 चे 540 लिहिले गेले, म्हणजे वहीत 90 रुपये जास्त खर्च पडला. आकड्यांची अदलाबदल झाली की फरकाला नेहमी 9 ने भाग जातो. जुने कारकून ताळेबंद जुळला नाही की आधी हेच बघत. पण इथे ती युक्ती एकटी चालली नसती, कारण 17.70 काढल्यावर उरलेल्या 1,770 ला 9 ने भाग जात नाही. त्यात दुबार गेलेले 1,860 मिसळले होते: 1,860 वजा 90 म्हणजे 1,770. एक चूक फरक वाढवत होती, दुसरी कमी करत होती, म्हणून नुसता फरक शोधून काही हाती लागलं नाही.

खरी दुबार रक्कम

12 जुलैच्या ओळी अशा होत्या. आधीची शिल्लक 36,204.50. मग 1,860 जाऊन 34,344.50. मग पुन्हा 1,860 जाऊन 32,484.50. मग फळांचे 300 जाऊन 32,184.50. G मध्ये तिन्ही ठिकाणी शून्य. म्हणजे शिल्लक दोनदा उतरली, पैसे दोनदा गेले.

तरीही इथे थांबू नका. एकाच दुकानात एकाच रकमेचे दोन व्यवहार खरेही असू शकतात. त्याच महिन्यात फळवाल्याला 300 रुपये एका आठवड्यात दोनदा दिलेले होते, आणि वहीतही दोनदा होते. म्हणून दोन्ही ओळींचा संदर्भ क्रमांक बघायचा. यादीत तो बहुधा दिसत नाही. ओळीवर बोट ठेवून तपशील उघडला की `UPI Ref No`, `UTR` किंवा `RRN` या नावाने बारा आकडी क्रमांक मिळतो. सगळ्या ओळींचा काढायची गरज नाही, संशयाच्या दोन ओळींचा पुरे. मी बाबांकडून त्या दोनच पडद्यांचे स्क्रीनशॉट मागवले. एकाचा शेवट 4471, वेळ 11:52. दुसऱ्याचा शेवट 4902, वेळ 11:54.

क्रमांक वेगळे, म्हणजे दोन स्वतंत्र व्यवहार. क्रमांक तोच असता तर एकच व्यवहार दोनदा उतरवल्याचा संशय घेऊन मी पुन्हा शिल्लक तपासली असती. आणि तोच क्रमांक एकदा नावे, एकदा जमा असा दिसला असता तर पैसे परत आले आहेत, प्रश्न मिटला. ही शेवटची शक्यता विसरू नका. पैसे परत आल्याची ओळ तीन-चार दिवसांनंतर, कुठेतरी दुसऱ्याच स्क्रीनशॉटमध्ये, जमेच्या रकान्यात एकटी पडलेली असते. आपण सगळं लक्ष नावेच्या बाजूला ठेवतो आणि परत आलेल्या पैशांसाठी बँकेत तक्रार घालून बसतो. म्हणून जमा रकान्यात पुढच्या आठवड्यापर्यंत तीच रक्कम शोधा. महिन्याच्या शेवटी घडलं असेल तर पुढच्या महिन्याचे पहिले दिवसही बघा.

बाबांच्या खात्यात जुलैअखेरपर्यंत 1,860 जमा नव्हते.

त्यांना फोन करून विचारलं तेव्हा आठवलं. पहिल्यांदा पैसे टाकले तेव्हा पडद्यावर चक्र फिरत राहिलं. दुकानातला साउंडबॉक्स बोलला नाही. दुकानदार म्हणाला, "आले नाहीत काका, परत टाका." मागे रांग होती. बाबांनी परत टाकले, साउंडबॉक्स बोलला, आणि वहीत एकदाच लिहिलं. दोन मिनिटांचं अंतर त्या दोन पडद्यांवर दिसतच होतं.

पैसे कुणाकडे मागायचे

इथे दोन वाटा फुटतात, आणि चुकीची धरली तर आठवडे वाया जातात.

पहिली वाट म्हणजे पैसे आपल्या खात्यातून गेले पण दुकानापर्यंत पोचले नाहीत. ॲपमध्ये असा व्यवहार अयशस्वी किंवा प्रलंबित दिसतो. यासाठी रिझर्व्ह बँकेचं 20 सप्टेंबर 2019 चं परिपत्रक आहे. यूपीआयने दुकानाला पैसे दिले, खात्यातून कापले गेले आणि दुकानाला खात्री पोचली नाही, तर व्यवहाराचा दिवस सोडून पाच दिवसांत रक्कम आपोआप परत यायला हवी. त्यापुढे उशीर झाला तर दर दिवसाला 100 रुपये भरपाई. हे कॅलेंडरचे दिवस आहेत, सुट्ट्या धरून. दुकान नसून एखाद्या व्यक्तीला पाठवलेले पैसे तिच्या खात्यात जमा होऊ शकले नाहीत, तर मुदत एकच दिवसाची. या वाटेवर असाल तर पाच दिवस थांबा, मग ॲपमधून त्याच व्यवहारावर तक्रार करा.

दुसरी वाट म्हणजे दोन्ही वेळा पैसे पोचले, फक्त पोचल्याचं दुकानाला कळलं नाही. साउंडबॉक्स मोबाइलच्या नेटवर्कवर चालतो. रेंज गेली की पैसे आले तरी तो गप्प राहतो. अशा वेळी बँकेच्या लेखी दोन्ही व्यवहार यशस्वी असतात, परत करण्यासारखं तिच्याकडे काही नसतं आणि पाच दिवसांचा नियम लागूच होत नाही. कितीही दिवस वाट पाहा, आपोआप काही येणार नाही. हे पैसे दुकानदाराच्या खात्यात आहेत, ते त्यानेच परत करायचे.

बाबांच्या ॲपमध्ये 4471 चा व्यवहार यशस्वी दिसत होता. म्हणून मी बँकेला फोन केला नाही. एका कागदावर तारीख, दोन्ही वेळा, दोन्ही पूर्ण क्रमांक आणि रक्कम लिहून बाबांना दुकानात जायला सांगितलं. नुसता "माझे दोनदा गेले" म्हणून वाद घालायचा नाही, "तुमच्या ॲपमध्ये हे दोन क्रमांक बघा" एवढंच म्हणायचं. दुकानदाराने आपल्या ॲपमध्ये 12 जुलै उघडली, दोन्ही जमा दिसल्या आणि त्याने तिथल्या तिथे 1,860 परत पाठवले. त्याचाही दोष नव्हता. त्या दिवशीची बेरीज त्याला जास्त आली असणार, पण कुणाची ते कळायला मार्ग नव्हता.

दुकानदार ऐकत नसेल तर ॲपमध्ये त्या व्यवहारावर तक्रार नोंदवा, तक्रार क्रमांक जपा, आणि बँकेलाही लेखी कळवा. बँकेकडून 30 दिवसांत उत्तर आलं नाही किंवा आलेलं पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे `cms.rbi.org.in` वर तक्रार करता येते. पण लोकपाल बँकेच्या सेवेतली चूक बघतो. दुकानदाराने यशस्वी व्यवहाराचे पैसे अडवले तर तो मुळात दुकानदाराशी असलेला वाद आहे, हे ध्यानात ठेवून अपेक्षा ठेवा.

नाव वेगळं असलेली दुबार रक्कम

आणखी एक प्रकार घरोघरी होतो. वीजबिलाला ऑटोपे लावलेलं असतं आणि घरातलं दुसरं कुणीतरी शेवटची तारीख बघून तेच बिल हाताने भरतं. रक्कम पैशापर्यंत सारखी, पण तपशिलात एकीकडे एक नाव, दुसरीकडे भलतंच, आणि मधे चार दिवस. नावाने शोधलं तर हे सापडत नाही. म्हणून मी संशयाच्या ओळी काढताना फक्त रक्कम मोजते:

```
=COUNTIF($D$3:$D$60,D3)
```

2 किंवा जास्त आलेल्या ओळी बघायच्या. यात फळांचे 300 पण येतील, ते वहीतल्या खुणांनी बाजूला होतात. ज्या ओळी उरतात त्यांतली आडनिडी रक्कम, म्हणजे 1,437 किंवा 862 अशी, आधी बघा. 500 रुपये योगायोगाने दोनदा जाऊ शकतात, 1,437 सहसा जात नाहीत. वीजबिलाचे जादा भरलेले पैसे बहुधा पुढच्या बिलात वजा होऊन येतात, तेव्हा तक्रारीआधी पुढचं बिल बघून घ्या.

वहीत नोंद कशी करायची

दुबार सापडली की वही बँकेला जुळावी म्हणून जुन्या तारखेत औषधांचे 3,720 करून मोकळं होऊ नका. पुढे पैसे परत आले की तो खर्च कशाचा कमी झाला ते कळत नाही. आम्ही जुलैच्या पानावर शेवटी तीन ओळी घातल्या: बँक शुल्क 17.70 खर्च, किराण्याच्या नोंदीत 90 कमी, आणि "औषध दुकान, 12 जुलै, दुबार, येणे 1,860". त्याने वहीतली बँक-शिल्लक 25,664.80 झाली, आणि 1,860 खर्चात न जाता येण्यात राहिले. 4 ऑगस्टला पैसे परत आले तेव्हा बाबांनी त्या ओळीपुढे तारीख आणि परतीचा संदर्भ क्रमांक लिहिला आणि येण्यावर रेघ मारली.

आता दुकानात चक्र फिरत राहिलं की बाबा दुसऱ्यांदा पैसे टाकण्याआधी ॲपमधून खात्यातली शिल्लक बघतात. उतरली असेल तर दुकानदाराला त्याच्या ॲपमध्ये बघायला सांगतात, आणि तरीही पुन्हा द्यावे लागलेच तर वहीत त्याच ओळीसमोर "दोनदा टाकले" असं लिहून ठेवतात. ऑगस्टच्या वहीत असं एकदा लिहिलेलं होतं. तिसऱ्या दिवशीच्या जमेच्या रकान्यात ती रक्कम परत आलेली मिळाली.